शेऱ्यासाठी तीन ओळी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एकच काम चालू असतं. गठ्ठ्याने प्रगतिपत्रकं, एक निळं पेन आणि कुठल्या तरी दुकानातून आणलेली किंवा फोनवर फिरत आलेली 'वर्णनात्मक नोंदीं'ची तयार यादी. १ मेला निकाल, वर्गात चाळीसेक मुलं आणि प्रत्येकासमोर 'विशेष प्रगती', 'आवड/छंद', 'सुधारणा आवश्यक' असे रकाने. मग यादीतलं एकेक वाक्य उचललं जातं. 'कविता तालासुरात म्हणते' हे त्यातलं अगदी लोकप्रिय. वर्षभर जिने एकदाही तोंड उघडून कविता म्हटली नाही, तिच्याही वाट्याला ते येतं आणि घरी आई म्हणते, "अगं, मला कधी म्हणून दाखवली नाहीस!"

हे रकाने महाराष्ट्रात रुळले ते २०१० नंतर. शिक्षणहक्क कायद्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि नुसत्या गुणांच्या जोडीला श्रेणी आणि नोंदी आल्या. लहान वर्गांत आकारिक मूल्यमापनाचा वाटा मोठा ठेवला गेला. तिसरी-चौथीला तो शंभरातले ६०, उरलेले ४० सत्राच्या शेवटच्या संकलित मूल्यमापनाचे. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनं असतात. यातली पहिली दोन अबोल मुलांना नडतात. तोंडीकामात ती गप्प बसतात हे सगळ्यांना दिसतं. निरीक्षणात ती दिसतच नाहीत, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. नोंदवही उघडून पाहा. मस्तीखोरांच्या आणि चुणचुणीत मुलांच्या पानांवर तारखा दाटीवाटीने असतात, आणि शांत मुलीचं पान जूनमध्ये होतं तसंच कोरं.

त्यामुळे चांगल्या शेऱ्याची तयारी एप्रिलमध्ये करून भागत नाही. काही शिक्षक सोपी युक्ती करतात. रोजची तीन-चार नावं आधीच ठरवून ठेवायची आणि त्या दिवशी त्या मुलांकडे मुद्दाम लक्ष द्यायचं, ती काही बोलोत न बोलोत. संध्याकाळी तारीख घालून एक ओळ लिहायची. त्या ओळीत 'काय केलं' हे असावं, 'कशी आहे' हे नको. 'लाजाळू' असं लिहिलं की ते पान पुढच्या वर्षी वाचणारे शिक्षकही तिला काही विचारायचं टाळतात. 'हजेरीला नुसता हात वर केला' असं लिहिलं, तर पुढे फरक मोजायला जागा राहते.

समजा, चौथीतल्या एका मुलीच्या अशा नोंदी आपल्यासमोर आहेत. जुलै : हजेरीला 'हजर' म्हणत नाही, हात वर करते. ऑगस्ट : प्रकट वाचनाला उभी राहिली, आवाज पहिल्या बाकापुरता. सप्टेंबर : शेजारच्या मुलीला धडा वाचून दाखवत होती, न अडखळता. नोव्हेंबर : चौघींच्या गटात आपल्या वाट्याचा उतारा वाचला. जानेवारी : परिपाठात सुविचार वाचला, कागद हातात घेऊन. फेब्रुवारी : भागाकारात बाकी भाजकापेक्षा मोठी आली, काहीतरी चुकलंय हे ओळखून वही घेऊन टेबलाशी आली. मराठीची श्रेणी पहिल्या सत्रात क-१, म्हणजे ५१ ते ६०. दुसऱ्या सत्रात ब-२, म्हणजे ६१ ते ७०.

यावर भरभरून लिहायचा मोह होतो. 'अतिशय हुशार! आत्मविश्वासात प्रचंड वाढ! उत्कृष्ट प्रगती!' बाईंचा आनंद खराच असतो, आणि बिचारीला तेवढंच प्रोत्साहन, असाही त्यामागे विचार असतो. पण अशा मुलांच्या बाबतीत हाच विचार अंगाशी येऊ शकतो. नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ८ ते १२ वर्षांच्या मुलांनी व्हॅन गॉगच्या रानगुलाबांच्या चित्राची नक्कल काढली. मग एका चित्रकाराच्या नावाने काहींना 'सुंदर चित्र काढलंस' अशी चिठ्ठी मिळाली, काहींना 'विलक्षण सुंदर चित्र काढलंस' अशी, तर काहींना कौतुकच मिळालं नाही. पुढे सोपी किंवा अवघड चित्रं निवडायला सांगितल्यावर, स्वतःबद्दल कमी विश्वास असलेली मुलं 'विलक्षण' वाचून सोप्या चित्रांकडे वळली. साध्या कौतुकाने तसं झालं नाही. एवढी मोठी पावती मिळाल्यावर पुढच्या वेळी ती टिकवायची धास्ती, असा त्याचा अर्थ लावला गेला. याच अभ्यासात असंही दिसलं की मोठी माणसं नेमकी अशाच मुलांवर फुगवलेल्या कौतुकाची जास्त उधळण करतात. अबोल असणं आणि स्वतःबद्दल कमी विश्वास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गप्प बसणारं प्रत्येक मूल खचलेलं नसतं. पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसत असताना साधं लिहिलेलं बरं.

घरच्यांना दुसरंच कोडं असतं. पालकसभेत हमखास ऐकू येतं, "बाई, ही घरी तर नुसती बडबड करते. शाळेत काय होतं हिला?" 'आत्मविश्वासात प्रचंड वाढ' हे वाचून त्यांना काहीच कळत नाही, कारण घरी तो कधी कमी नव्हताच. शाळेत काय बदललं ते त्यांना हवं असतं.

दुसरं टोकही आहेच. 'प्रगती समाधानकारक' हा शेरा खोटा नसतो, पण तो बाजूच्या मुलाच्या पत्रकावर चिकटवला तरी चालतो. शेरा तपासायची तीच सोपी कसोटी. नाव झाकून वाचा आणि हे मूल कोणतं ते वर्गाला ओळखता येईल का, ते पाहा.

नोंदींवरून बाईंनी पहिल्यांदा लिहिलं, 'पूर्वी वर्गात अजिबात बोलत नसे, पण आता बोलू लागली आहे.' खरं आहे, पण त्या 'पण'च्या आधी उणेपणा कायमचा छापला गेला. पत्रक घरात वर्षानुवर्षं राहतं, मामा-काकू ते हातात घेऊन मोठ्याने वाचतात. शिवाय 'बोलू लागली' म्हटलं की बोलणं हेच यश ठरतं. तिने मिळवलं ते वाचन आणि आपली शंका आपण विचारणं. मग 'अजिबात' गेलं, 'पूर्वी' गेलं, आणि उरलं ते असं :

'गटात व परिपाठात स्पष्ट वाचन करते. गणितात अडल्यास स्वतःहून विचारते. मराठीतील प्रगती दोन्ही सत्रांत टिकून वाढली आहे.'

तिसरं वाक्य बाईंना खटकलं, कारण टिकून वाढणं म्हणजे नेमकं काय ते घरी कळणार नाही. श्रेणी तर शेजारच्याच रकान्यात होती. म्हणून तिथे वहीतलं दिसेल असं घातलं, 'स्वतःच्या शब्दांत पाच-सहा वाक्ये लिहिते.' पहिल्या सत्रातल्या उत्तरांत ती धड्यातलीच ओळ उतरवून काढत होती. दिवाळीनंतर तिची स्वतःची वाक्यं सुरू झाली, आणि स्वाध्यायाच्या वहीत ती कुणालाही उघडून पाहता येतात.

'सुधारणा आवश्यक' रकान्यात बहुतेक जण अशा मुलीसाठी 'वर्गात सहभाग वाढवावा' लिहून टाकतात, म्हणजे वर दिलेलं खाली काढून घेतात. त्यापेक्षा अभ्यासातलंच काही असावं. इथे भागाकाराचा ताळा करायची सवय लागायला हवी होती, तेवढंच लिहिलं. 'आवड' रकाना मात्र पुढच्या वर्गशिक्षकांच्या जास्त कामाचा असतो. मधल्या सुट्टीत ती फळ्यावर चित्रं काढते हे तिथे लिहिलं, तर जूनमध्ये अनोळखी वर्गात तिला तोंडी उत्तर विचारण्याआधी खडू देता येतो.