सहा वाजेपर्यंतची पेटी

देवगडचा एक बागायतदार व्हॉट्सॲपवर हापूसच्या ऑर्डरी घेतो, असं समजा. आठवड्याला ठरावीक पेट्याच उतरतात. ग्राहक "माझ्या दोन पेट्या ठेवा" म्हणतो, यूपीआय नंबर घेतो आणि गप्प बसतो. पेट्या अडकून राहतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागतं. कुणी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतो, पण तो बनावटही असू शकतो. रात्री बँकेचे मेसेज आणि वहीतली नावं जुळवत बसावं लागतं ते वेगळंच.

मुदतीची पेमेंट लिंक नेमकी इथे कामाला येते. रेझरपेसारख्या कंपनीच्या डॅशबोर्डवरून ती हाताने बनवता येते, किंवा दुकानाच्या ऑर्डर-प्रणालीतून आपोआप. समजा, १५ एप्रिल २०२५ रोजी सकाळी दहाला दोन पेट्यांची ४,८०० रुपयांची ऑर्डर आली. प्रणाली रेझरपेकडे साधारण एवढा मजकूर पाठवते:

```
{
  "amount": 480000,
  "currency": "INR",
  "reference_id": "AMBA-112",
  "expire_by": 1744720200,
  "reminder_enable": true
}
```

रक्कम पैशांत लिहायची असते, म्हणून दोन शून्यं जास्त. नवख्याची पहिली चूक इथेच होते: ४८०० लिहिलं की ग्राहकाला ४८ रुपयांची लिंक जाते. `reference_id` हा आपला ऑर्डर क्रमांक. आलेले पैसे कुणाचे, हे पुढे त्यावरूनच कळतं. `expire_by` म्हणजे मुदत. १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेला तो आकडा त्याच दिवशीचे संध्याकाळचे सहा दाखवतो. मुदत किमान पंधरा मिनिटं पुढची हवी. ती दिलीच नाही, तर लिंक सहा महिने चालू राहते आणि आंबा संपल्यावर दिवाळीच्या सुमारासही कुणी पैसे भरू शकतो.

शेवटच्या ओळीमुळे कंपनीकडून ग्राहकाला आठवण जाते. तिचं वेळापत्रक डॅशबोर्डमध्ये लावता येतं. पण आठ तासांच्या लिंकला दिवसांच्या हिशेबाने लावलेली आठवण काय कामाची? दुपारी चारच्या सुमारास आपल्याच प्रणालीतून एक मेसेज पाठवावा: "तुमच्या दोन पेट्या सहा वाजेपर्यंत राखून ठेवल्या आहेत." त्याआधी लिंकची ताजी स्थिती मात्र तपासायला हवी. पैसे भरून बसलेल्या माणसाला तगादा लावला, तर तो घाबरून फोन करतो.

आता पैसे आले हे कुणाच्या शब्दावर मानायचं? ग्राहकाच्या मोबाइलवर 'पेमेंट यशस्वी' दिसलं, तरी त्यावर ऑर्डर पक्की करू नये. ते पान उघडण्याआधीच त्याचं नेट जाऊ शकतं, आणि पानाचा पत्ता कुणी हाताने टाकूनही उघडू शकतो. पैसे जमा झाले की रेझरपेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला `payment_link.paid` असा निरोप धाडतो. याला वेबहुक म्हणतात. निरोपासोबत `X-Razorpay-Signature` ही सही येते. आपल्याकडच्या गुप्त किल्लीने ती पडताळायची, रक्कम आणि ऑर्डर क्रमांक जुळवायचे आणि मगच "ऑर्डर पक्की" हा मेसेज सोडायचा.

तोच निरोप दोनदा येऊ शकतो. आपला सर्व्हर उत्तर द्यायला चुकला, तर रेझरपे पुन्हा पाठवत राहते. म्हणून ऑर्डर आधीच पक्की झाली आहे का, हे पहिल्यांदा पाहायचं. नाहीतर एकाच ग्राहकाच्या नावाने दोनऐवजी चार पेट्या गाडीत चढतात. उलट, सर्व्हर बराच वेळ बंद राहिला तर निरोप हुकूही शकतो. त्यासाठी दिवसातून एकदा सगळ्या अपुऱ्या ऑर्डरींच्या लिंकची स्थिती आपणहून विचारून घ्यावी.

खरी कसोटी मुदतीच्या काठावर लागते. ग्राहकाने ५:५८ ला यूपीआयचा पिन टाकला, बँकेचं उत्तर यायला उशीर झाला आणि निरोप ६:०४ ला पोचला. तोवर पेट्या दुसऱ्याला दिल्या असतील, तर एकाच मालाचे दोन मालक होतात. म्हणून लिंक सहाला बंद झाली, तरी पेट्या साडेसहापर्यंत राखून ठेवाव्यात. त्यानंतर पैसे आलेच, तर प्रणालीने शिल्लक पाहावी. माल असेल तर ऑर्डर पक्की करावी. नसेल तर पूर्ण रक्कम परत पाठवून ग्राहकाला लगेच तसं कळवावं. हा नियम हंगाम सुरू होण्याआधीच ठरवून प्रणालीत बसवलेला बरा, कारण ऐन गर्दीत बागेत उभ्या असलेल्या माणसाला एकेका ऑर्डरीचा निवाडा करायला सवड नसते.