मटार: ताजा की फ्रोझन?

मंडईतल्या हिरव्यागार शेंगा पाहिल्या की फ्रोझन मटार कमअस्सल वाटतो. ‘क’ जीवनसत्त्वाचा हिशेब मात्र वेगळा आहे. शेंग तोडली तरी दाण्याचा श्वासोच्छ्वास चालू राहतो. शेतातून बाजार, तिथून भाजीवाला आणि मग घरचा फ्रिज, अशा प्रवासात हे जीवनसत्त्व रोज घटत जातं. उन्हात ते भराभर घटतं, आणि सोललेल्या दाण्यात शेंगेतल्यापेक्षा लवकर.

कारखान्यात दाणे तोडणीनंतर काही तासांतच गोठवतात. त्याआधी ते उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून मिनिटभर काढून लगेच गार करतात. दाण्यातली विकरं निष्क्रिय करण्यासाठी हे करावं लागतं, कारण ती गोठल्यावरही मंदपणे काम करत राहतात. वाफ न देता गोठवलेल्या मटाराचा रंग काही आठवड्यांत उतरतो आणि त्याला गवतासारखा वास येतो.

या वाफेची किंमत मोजावी लागते. ‘क’ आणि फोलेट पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्यांचा काही हिस्सा तिथेच जातो. मात्र पुढे उणे १८ अंशांत घट फार संथ होते. म्हणून सकाळी तोडून दुपारी शिजवलेला मटार सरस, पण आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेल्यापेक्षा फ्रोझन बरेचदा वरचढ ठरतो.

पाकीट घेताना चाचपून पाहा. दाणे सुटे हवेत. गठ्ठा झाला असेल तर माल बहुधा मध्ये वितळून पुन्हा गोठला आहे.