भेंडी निबर का होते?

मंडईत भेंडी घेताना गिऱ्हाईक तिचं टोक बोटाने मोडून पाहतं. कोवळी भेंडी कट्कन तुटते. दोन दिवस घरात राहून सुकलेली तुटत नाही, नुसती वाकते. निबर झालेली मात्र तुटली तरी तिचे दोरे लोंबत राहतात. भाजीवाल्याला ही तपासणी आवडत नसली तरी ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. वनस्पतीच्या पेशीभोवती जी भिंत असते, तिचीच ती परीक्षा असते.

कोवळ्या भेंडीची पेशी पाण्याने तट्ट फुगलेली असते. आतल्या पाण्यात साखर आणि क्षार विरघळलेले असल्यामुळे बाहेरचं पाणी आत शिरू पाहतं आणि भिंतीवर दाब येतो. हा दाब साधारण तीन ते दहा वातावरणांइतका असतो; मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोनच असतो. त्यात पेशीची भिंत अतिशय पातळ. पेशीची त्रिज्या भिंतीच्या जाडीच्या शंभरपट धरली आणि आतला दाब पाच वातावरणं, तर भिंतीतला ताण पाचशे वातावरणांच्या घरात जातो. आधीच इतकी ताणलेली भिंत आणखी वाकवायला गेलं की फाटते, म्हणून कट्कन आवाज येतो. सुकलेल्या भेंडीतलं पाणी उडालेलं असतं, ताण उतरलेला असतो, म्हणून ती वाकते.

हा ताण पेलतात सेल्युलोजचे तंतू. ग्लुकोजच्या हजारो कड्यांच्या लांब साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून सुमारे तीन नॅनोमीटर जाडीचा तंतू बनतो. तो जवळजवळ ताणतच नाही. लांब वाढणाऱ्या पेशीत हे तंतू बहुतेक आडवे, वेढ्यांसारखे असतात. त्यामुळे पेशीला रुंद होता येत नाही, ती लांबीतच वाढते. तंतूंच्या मधल्या जागेत पेक्टिनचा ओलसर, जेलीसारखा थर असतो. शेजारच्या दोन पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थही मुख्यतः हाच. कॅल्शियम मिळालं की पेक्टिन घट्ट होतं, आणि शिजवताना ते विरघळू लागलं की भाजी मऊ पडते.

आता खरा प्रश्न. भिंत इतकी मजबूत, तर पेशी वाढते कशी? पाण्याचा दाब वाढवून भिंत ढकलली जाते, असं सहज वाटतं. पण नुसत्या दाबाने भिंत ताणली, तर दाब उतरताच ती पुन्हा आखडेल. वाढ टिकायची तर भिंतीनेच थोडं सैल व्हायला हवं.

हे सैल होणं अमेरिकेत डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत काकडीच्या रोपांवर फार सुंदर रीतीने दिसलं. नुकत्याच उगवलेल्या रोपाचा दांडा गोठवून पेशी मारल्या. उरल्या फक्त भिंती. तो दांडा चिमट्यात धरून वजनाने ताणला आणि आंबट द्रावणात बुडवला. मेलेला दांडा हळूहळू लांबत गेला! दांडा आधी उकळत्या पाण्यातून काढला असेल, तर लांबणं थांबलं. मग वाढत्या भिंतींतून काढलेली प्रथिनं त्याला दिली, की तो पुन्हा लांबू लागला. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून जी प्रथिनं सापडली, त्यांना पुढे एक्स्पान्सिन हे नाव मिळालं. ती तंतू कापत नाहीत, तंतूंमधली पकड ढिली करतात.

जिवंत पेशी हेच स्वतः घडवून आणते. ऑक्सिन या संप्रेरकाच्या प्रभावाने ती भिंतीत आम्लता सोडते, एक्स्पान्सिन जागं होतं, तंतू किंचित सरकतात. ताण कमी झाल्यामुळे आतला दाब जरासा उतरतो, आणि लगेच बाहेरचं पाणी आत येऊन ती उणीव भरून काढतं. पेशी तेवढी मोठी होते. म्हणजे दाबाचा जोर सततच असतो; वाढायचं कधी आणि किती, हे भिंत ठरवते. भिंत पातळ होत जाऊ नये म्हणून आतून नवे तंतू आणि पेक्टिन सतत घातलं जातं. पाणी कमी पडलं की सैल झालेल्या भिंतीला ताणायला दाबच उरत नाही. म्हणूनच पावसाने ओढ दिली की पानं लहान राहतात.

भेंडीची शेंग फूल गळल्यावर चार-सहा दिवसांत तोडावी लागते. त्यानंतर तिच्या धाग्यांतल्या पेशी वाढणं थांबवतात, आतून सेल्युलोजचा दुसरा, जाड थर घालतात आणि त्यात लिग्निन भरतात. लिग्निन तंतूंमधलं पाणी हटवून त्यांना जागच्या जागी जखडतं. अशी भिंत पुन्हा सैल होत नाही आणि बहुतेक वेळा आतली पेशी मरून जाते. हे लिग्निन पेक्टिनसारखं विरघळत नाही, म्हणून निबर भेंडीला कुकरच्या कितीही शिट्ट्या दिल्या तरी दोरे राहतातच. बांबूपासून कागद करणाऱ्या गिरणीत लिग्निन काढायला कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात सुमारे 170 अंश सेल्सियसला लगदा शिजवावा लागतो.