सप्टेंबरचं मोदकपीठ जूनमध्ये

घरगुती मसाले आणि पिठं विकणाऱ्या एका दुकानाचं उदाहरण घेऊ. बिलाच्या प्रत्येक ओळीत पाच गोष्टी आहेत : तारीख, बिल क्रमांक, उत्पादन, नग आणि रक्कम. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाच्या अशा सहा हजार ओळी एक्सेलमध्ये उतरवल्या आहेत. मालकिणीला एवढंच हवंय, की कोणत्या महिन्यात कोणता माल किती रुपयांचा गेला.

पिव्होट टेबल हे काम काही क्षणांत करतं. आधी यादीत कुठेही क्लिक करून `Ctrl+T` दाबावं, म्हणजे पुढे वाढणाऱ्या ओळीही आपोआप हिशेबात येतात. मग `Insert` मधून `PivotTable` निवडायचं. उजवीकडे रकान्यांची नावं आणि खाली चार चौकटी दिसतात. तारीख `Rows` मध्ये ओढायची, उत्पादन `Columns` मध्ये आणि रक्कम `Values` मध्ये. सूत्र लिहावं लागत नाही, मूळ यादीलाही धक्का लागत नाही.

एक्सेल २०१६पासून तारखा बहुधा आपोआप महिन्यांत बांधल्या जातात. तसं झालं नाही, तर एखाद्या तारखेवर उजवं क्लिक करून `Group` घ्यावं आणि `Months` व `Years` दोन्ही निवडावेत. नुसतं `Months` निवडलं, तर जानेवारी सगळ्यात वर येतो आणि आपलं आर्थिक वर्ष मधोमध तुटतं. दोन्ही निवडले, की २०२४खाली एप्रिल ते डिसेंबर आणि २०२५खाली जानेवारी ते मार्च असे नीट लागतात.

खरी गोम तारखेतच असते. बिलिंगची फाईल ज्या संगणकावर उघडली, त्याची तारखेची मांडणी अमेरिकी, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी असेल, तर `13/09/2024` एक्सेलला कळत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ती तारीख नुसता मजकूर म्हणून राहते आणि रकान्यात डावीकडे चिकटलेली दिसते. असा मजकूर असलेल्या यादीवर `Group` केलं, की एक्सेल सांगतं, `Cannot group that selection`.

इथवर ठीक आहे, चूक निदान दिसते तरी. धोका पुढे आहे. अनेकजण डावीकडच्या तारखा तेवढ्या दुरुस्त करतात, महिने लागतात, वर्षाची एकूण बेरीजही जुळते आणि तक्ता खरा मानला जातो. पण ज्या तारखांतला दिवस १ ते १२ होता, त्या एक्सेलने केव्हाच उलट्या वाचून खऱ्या तारखा म्हणून नोंदवलेल्या असतात. त्या उजवीकडे शहाण्यासारख्या बसलेल्या असतात. रक्कम बदललेली नसते, फक्त महिना बदललेला असतो. म्हणून बेरजेवरून हे कधीच कळणार नाही.

२०२४ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मोदकाच्या पिठाची मोठी विक्री आदल्या दिवसांतली. पण ६ सप्टेंबरचं बिल तक्त्यात ९ जून झालं, ५ सप्टेंबरचं ९ मे आणि १ सप्टेंबरचं थेट ९ जानेवारी २०२४. हा जानेवारी तर आर्थिक वर्षाच्या बाहेरचा. तक्त्यात वर्षाबाहेरचा महिना उगवणं ही पहिली खूण. जूनमध्ये मोदकपीठ उसळलेलं दिसणं ही दुसरी. त्या जूनच्या आकड्यावर डबल क्लिक केलं, की त्यामागच्या ओळी नव्या शीटवर उघडतात. बिल क्रमांक पाहिले, की निकाल लागतो : ९ जूनच्या म्हणवणाऱ्या बिलांचे क्रमांक सप्टेंबरच्या बिलांमध्ये सापडतात.

उपाय मूळ, हात न लावलेल्या फाईलवर करायचा. तारीख `A` रकान्यात असेल आणि दिवस-महिना दोन-दोन अंकी असतील, तर शेजारच्या नव्या रकान्यात हे सूत्र लिहावं :

```
=IF(ISNUMBER(A2),DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

तारीख म्हणून बसलेल्या नोंदीत ते दिवस आणि महिन्याची अदलाबदल करतं. मजकूर राहिलेल्या नोंदीतून वर्ष, महिना आणि दिवस वेगळे काढून तारीख बनवतं. उत्तर `45541` असं दिसलं तर घाबरू नये. एक्सेल तारीख आत आकडा म्हणूनच ठेवतं आणि हा आकडा ६ सप्टेंबर २०२४चा आहे. रकान्याला तारखेचा फॉरमॅट दिला, की तो वाचता येतो. मात्र ज्या संगणकावर तारखा आधीच बरोबर आल्या आहेत, तिथे हे सूत्र चालवलं, तर ते चांगल्या तारखा बिघडवेल. म्हणून आधी डावीकडे चिकटलेल्या नोंदी आहेत का, ते पाहावंच.

आता पिव्होट टेबलवर उजवं क्लिक करून `Refresh` द्यायचं. हे विसरलं तर तक्ता जुनेच आकडे दाखवत राहतो, कारण तो मूळ यादीची स्वतःजवळ ठेवलेली प्रत वाचतो. मग `Rows` मधली जुनी तारीख काढून नवा रकाना तिथे ओढला, की मोदकपीठ सप्टेंबरच्या ओळीत येतं आणि २०२४चे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च तक्त्यातून जातात.