जुनी गाडी की नवी?

आंबेगाव तालुक्यात पारगाव आहे. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना तिथेच आहे. त्यामुळे गावात उसाची गोष्ट निघाली नाही, असा दिवस जात नाही. पण त्या दिवशी पारावर वेगळीच गोष्ट चालली होती. तात्या आणि अण्णा हे दोघे जिवाभावाचे मित्र. दोघे मोटारीवरून भांडत होते.

तात्यांच्या आईला दर पंधरा दिवसांनी मंचरला दवाखान्यात न्यावे लागते. म्हातारीला एस.टी.ची पायरी चढवत नाही. म्हणून तात्यांनी उसाच्या पैशातून पावणेचार लाख रुपये बाजूला ठेवले होते.

अण्णा म्हणाले, "घ्यायची तर नवी घे. जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं! माझ्याकडे बघ. मी नवी घेतली, दोन वर्षांत पाना लावला नाही."

तात्या म्हणाले, "तुझं ठीक आहे रे! मी कर्ज काढायचं आणि पाच वर्षं हप्त्याची धास्ती घ्यायची का? जुनी घेतली तर रोख घेईन, रात्री झोप तरी लागेल."

आम्हांला पाहताच दोघे म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच सांगा."

आम्ही म्हटले, "आधी हिशोब मांडू. भांडण मग करा."

नवी गाडी दुकानात ६ लाखांची आहे असे धरू. पण ६ लाखांत ती रस्त्यावर येत नाही. सरकारी कर, नोंदणी आणि विमा मिळून ती ७ लाखांच्या घरात जाते. त्यांतले २ लाख रोख दिले आणि ५ लाखांचे कर्ज काढले. व्याज शेकडा ९, मुदत ५ वर्षे. मग महिन्याचा हप्ता सुमारे १० हजार ३८० रुपये येतो. पाच वर्षांत बँकेत ६ लाख २३ हजार भरावे लागतात. म्हणजे १ लाख २३ हजार नुसते व्याज. रोख दिलेले २ लाख धरून एकूण ८ लाख २३ हजार झाले. पाच वर्षांनी ती गाडी साडेतीन लाखांना विकली, तर पदरचे ४ लाख ७३ हजार गेले.

आता जुनी गाडी. सव्वातीन लाखांना घेतली. घेतल्या घेतल्या टायर, बॅटरी व इतर डागडुजीला ५० हजार लागले. पुढे दर वर्षी दुरुस्तीला नव्या गाडीपेक्षा २० हजार जास्त गेले. पाच वर्षांचे ते १ लाख. एकूण झाले पावणेपाच लाख. शेवटी ती सव्वा लाखाला विकली, तर पदरचे साडेतीन लाख गेले.

म्हणजे जुनी गाडी १ लाख २३ हजारांनी स्वस्त पडली. पण खरी गोष्ट त्याहून वेगळी आहे. अण्णांचा दुधाचा धंदा. दर दहा दिवसांनी त्यांच्या हातात पैसे येतात. त्यांना महिन्याचा हप्ता जड नाही. तात्यांचा पैसा उसाचा. ऊस कारखान्यात गेला म्हणजे पैसे येतात, पण हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. दोघेही आपापल्या खिशापुरते बरोबर होते!

अण्णा म्हणाले, "हिशोब पटला. पण जुनी गाडी खोटी निघाली तर?"

हा प्रश्न मात्र खरा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे एक गाडी पाहायला गेलो. जाताना ओळखीचा मिस्त्री बरोबर घेतला.

गाडी २०२० सालची होती. धुऊन पुसून लखलखीत केलेली. मीटरवर फक्त २९ हजार किलोमीटर होते. तात्यांचा चेहरा फुलला. मिस्त्री मात्र खाली बसला आणि म्हणाला, "तात्या, टायरच्या कडेला लांबट गोलात चार आकडे आहेत. वाचा बरं."

तात्यांनी बोट ठेवून वाचले, "एक, चार, दोन, तीन."

मिस्त्री म्हणाला, "म्हणजे हा टायर २०२३ सालच्या चौदाव्या आठवड्यात तयार झाला. आता बाकीचे बघा." चारही टायरांवर तेच आकडे होते.

गाडी २०२० ची आणि टायर २०२३ चे. मग पहिले चार टायर कुठे गेले? एखादा टायर फुटला तर एकच बदलतात. चारही एकदम बदलले म्हणजे ते झिजले. नव्या गाडीचे टायर सहसा ४० हजार किलोमीटर तरी चालतात. मग मीटरवर २९ हजार कसे? मीटर मागे फिरवता येते. म्हणून एकट्या मीटरवर विश्वास ठेवू नये. कंपनीच्या वर्कशॉपात गाडीच्या नंबरावरून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मिळतात. तात्यांनी त्या मागितल्या. मालक म्हणाला, "हरवल्या." तात्यांनी रामराम केला आणि परत फिरले.

पुढच्या आठवड्यात दुसरी गाडी मिळाली. मीटरवर ७२ हजार होते आणि वर्कशॉपातल्या नोंदीही तेच सांगत होत्या. मिस्त्रीने सकाळी थंड इंजिन चालू करून पाहिले. निळा धूर आला असता तर इंजिन ऑइल जाळते असे समजले असते. धूर आला नाही. सौदा ३ लाख १० हजारांवर ठरला.

पण आर.सी. बुक वाचताना तात्या थांबले. त्यावर एका बँकेचे नाव होते. सातबाऱ्यावर जसा बोजा असतो, तसाच हा गाडीवरचा बोजा. मालक म्हणाला, "कर्ज केव्हाच फिटलंय. तुम्ही गाडी न्या, नाव नंतर करू."

आम्ही म्हटले, "नंतर नाही. आधी बोजा उतरवा." कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. विकणाऱ्याने २९ नंबरच्या फॉर्मवर सही द्यायची. ३० नंबरच्या फॉर्मने गाडी घेणाऱ्याच्या नावावर होते. आपल्या भागाचे हे काम पिंपरी-चिंचवडच्या आर.टी.ओ. कचेरीत होते. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवावे, असा कायदा आहे. विम्यावरचे नावही १४ दिवसांत बदलून घ्यावे. नाहीतर आपल्या गाडीची मोडतोड झाली तर भरपाई अडते.

मालक कुरकुरला. तेव्हा आम्ही त्याला सांगितले, "यात तुमचंही भलं आहे. एका माणसानं गाडी विकली, पण कागदावर नाव त्याचंच राहिलं. गाडी पुढे हातोहात विकली गेली आणि मग अपघात झाला. गाडीचा विमा नव्हता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की ज्याच्या नावावर नोंद त्यानंच भरपाई द्यायची."

मालक गप्प झाला. बँकेचे पत्र यायला तीन आठवडे लागले. तोवर तात्यांनी फक्त १० हजार विसार दिला आणि त्याची पावती घेतली. आर.सी. बुकावर स्वतःचे नाव वाचले, तेव्हाच बाकीचे पैसे मोजले.

पहिल्या दिवशी म्हातारी पुढच्या सीटवर बसली. अण्णा मागे बसले होते. मंचरपर्यंत ते काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "तात्या, क्लच थोडा जड आहे हं!"

तात्या हसून म्हणाले, "असू दे. त्याचे पैसे ५० हजारांत धरलेत!"