बेडका की थुंकी?

क्षयाच्या तपासणीसाठी डबीत काय हवं असतं, हे ऐकू येणाऱ्यांनाही एका दमात कळत नाही. 'बेडका आणा' म्हटलं की निम्मे लोक थुंकी आणतात. थुंकीत जंतू सापडले नाहीत की अहवाल 'काही नाही' म्हणून येतो आणि आजार छातीत तसाच वाढत राहतो. मग जिला जन्मापासून ऐकूच येत नाही, तिला हे सांगायचं कसं?

नमुन्यादाखल एक रुग्ण मनाशी धरू. जळगाव जिल्ह्यातल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत मराठीतून शिकलेली आणि लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आलेली तिशीतली बाई. घरात पॉवरलूम, वजन 42 किलो, तीन आठवड्यांपासून खोकला. सोबत सासूबाई. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असलं तरी रावेर, भुसावळ शेजारीच. त्यामुळे इथल्या दवाखान्याला रुग्ण येताच एक प्रश्न विचारावा लागतो, जो पुण्यात सुचणारही नाही: शाळा मराठी होती की हिंदी?

लिपी एकच, म्हणून हा प्रश्न फिजूल वाटतो. पण दवाखान्याच्या कागदावर 'जुलाब झाले तर दवाखान्यात या' असं लिहिलं, तर मराठी शाळेतली बाई ते बरोबर वाचेल. हिंदी शाळेतल्या बाईला मात्र जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. ऐकू येणारा माणूस शेजाऱ्याला विचारून घेतो. कर्णबधिर माणसाच्या हातात फक्त तो कागद असतो.

आता दुभाष्या. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं आहे. 'कुठे', 'किती' विचारणारी खूण वाक्याच्या शेवटी येते. हो-नाहीचा प्रश्न तर भुवया उंचावून आणि मान किंचित पुढे करूनच विचारला जातो. हात तेच, चेहरा बदलला की विधानाचा प्रश्न होतो. दुभाष्यांची पदविका दोन वर्षांची असते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ती शिकवतात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश आहे. पण कायद्यात आली म्हणून सिंधीपुऱ्यातल्या दवाखान्यात दुभाष्या रोज बसलेला मिळेल असं नाही. अशा वेळी व्यवहार्य वाट म्हणजे ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल.

क्षयाच्या बाबतीत ही वाट नाइलाजाची न राहता सोयीची ठरते. इथे सगळ्यांनी मास्क लावायचा असतो, आणि मास्कने चेहऱ्याबरोबर अर्धं व्याकरणही झाकलं जातं. दूर इंदूरला किंवा मुंबईला बसलेल्या दुभाष्याला मास्क लागत नाही. रुग्णाला मात्र खुणा करताना तो काढावा लागेल, म्हणून तिला खिडकीजवळ किंवा उघड्या व्हरांड्यात, इतरांपासून अंतर ठेवून बसवायचं. फोन हातात न धरता स्टँडवर लावायचा. कमरेपासून डोक्यापर्यंत सगळं दिसायला हवं आणि उजेड चेहऱ्यावर यायला हवा. खिडकी पाठीमागे राहिली तर पडद्यावर नुसती काळी आकृती उरते.

डॉक्टरांनी पाहायचं ते रुग्णाकडे, फोनकडे नाही. 'तिला विचारा, रात्री घाम येतो का' असं म्हणायचं नाही. सरळ 'ताई, रात्री घाम येतो का?' असं विचारायचं. दुभाष्याही 'मला घाम येतो' असंच बोलतो, 'ती म्हणते' असं मध्ये घालत नाही. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं, दुसऱ्या भेटीला सवय होते.

डबीचं कोडं दुभाष्या दोन चित्रांत सोडवतो. आधी जिभेवरचं पाणी, त्यावर नकार. मग खोल श्वास, छातीच्या तळापासून वर येणारा खोकला आणि घट्ट काहीतरी डबीत पडणं. पण बाईंनी मान हलवली म्हणून काम झालं असं समजू नये. कर्णबधिर माणूस आयुष्यभर मान हलवून सुटका करून घ्यायला शिकलेला असतो. डॉक्टरांनी म्हणावं, 'उद्या सकाळी काय करणार, दाखवा.' तिने छातीतून खोकून दाखवलं तर कळलं. नुसती डबी तोंडाजवळ नेली, तर पुन्हा पहिल्यापासून.

सासूबाईंना याच वेळी बाहेर बसवलेलं बरं. त्यांना वाईट वाटेल, पण इलाज नाही. घरची माणसं दुभाष्या झाली की दहा वाक्यांचं एक होतं. शिवाय एक प्रश्न त्यांच्यासमोर विचारताच येत नाही. क्षयाच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून त्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना कळायलाच हवं. सून कदाचित त्या चोरून घेत असेल. दुभाष्या गुप्ततेला बांधलेला असतो. सासूबाई कशाला बांधलेल्या असणार?

अहवाल आला. त्यावर 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं आणि हा शब्द फार घातकी. शाळेत शिकलेला अर्थ 'चांगलं' असा असतो. म्हणून कागदावर तो शब्द नको. 'क्षयाचे जंतू सापडले' असं लिहावं.

लेखी मराठीचं काम इथून सुरू होतं आणि इथेच ती फसते. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या माणसाने मराठी कानांनी घेतलेली नसते, डोळ्यांनी पाठ केलेली असते. आपलं सामान्यरूप त्याला वैऱ्यासारखं आडवं येतं. जेवण, जेवणाआधी, जेवल्यावर. गोळी, गोळ्या, गोळ्यांनी: शब्द दर वेळी वेगळा दिसतो. 'बरं वाटलं तरी गोळ्या बंद करू नयेत' या वाक्यात सगळा भार 'तरी' आणि 'नयेत' या दोन इवल्याशा शब्दांवर आहे. ते निसटले की उरतं काय? बरं वाटलं, गोळ्या बंद.

म्हणून कागदावर ज्या क्रमाने गोष्टी घडतात त्याच क्रमाने लिहायचं. 'सकाळी 7. गोळ्या 3. पाणी. अर्धा तास थांबा. मग नाश्ता.' शेजारी घड्याळाचं चित्र. खाली: '2 महिन्यांत बरं वाटेल. गोळ्या चालू. एकूण 6 महिने.' पहिले दोन महिने चार औषधं एकत्र असलेली गोळी, 42 किलो वजनाला रोज तीन. पुढचे चार महिने तीन औषधांची. आणखी एक ओळ: 'लघवी नारिंगी होईल. घाबरू नका.' ही ओळ राहिली तर बाई रक्त समजून घाबरते आणि चौथ्या दिवशी पाकीट माळ्यावर टाकते. गोळी चुकली की फोन करून विचारण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही. कार्डावर 'फोन नको, मेसेज करा' असं ठळक लिहून ठेवायचं.

कागद आणि दुभाष्या एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. आकडे, तारखा, औषधांची नावं कागदावरच हवीत, कारण खुणा हवेत विरतात. पण 'खोकला कधीपासून, रक्त पडलं का, भूक कशी आहे' हे लेखी प्रश्नोत्तरांत विचारत बसलं तर उत्तरं दोन शब्दांची येतात आणि आजाराची हकिगत कधी पूर्ण होतच नाही.

सगळ्यात जास्त जपायचे ते डोळे. त्या चार औषधांतलं एथॅम्ब्युटॉल क्वचित दृष्टीच्या नसेला इजा करतं. आधी रंग फिके पडतात, विशेषतः लाल आणि हिरवा. वेळीच ओळखून औषध थांबवलं तर नजर बहुधा परत येते. इतरांना हा त्रास मोठाच, पण हिची तर भाषाच डोळ्यांत आहे. 'नीट दिसतं का' या प्रश्नाला ती सवयीने मान हलवेल. म्हणून दर महिन्याच्या भेटीत कमी उजेडाची खोली नको, चांगल्या प्रकाशात अक्षरांचा तक्ता आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने वाचून घ्यायचा. डोळा झाकायच्या आधीच सगळं समजावायचं आणि दुसरा डोळा दुभाष्यासाठी मोकळा ठेवायचा. रंगांसाठी तिने घरूनच सुताच्या दोन बॉबिन आणाव्यात, एक लाल, एक हिरवी. पहिल्या दिवशी त्या कशा दिसल्या हे तिला आठवत असतं. टेबलावर त्या ठेवल्या की ती एकेक उचलते, खिडकीकडे नेते आणि तोच का तो रंग, हे बोटाने सांगते.