पाककृतीचे कार्ड : लहान पानाची मांडणी

इंदूर, देवास, उज्जैन या भागांतील मराठी घरांत भुट्ट्याचा कीस हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. हळदीकुंकवाचे वाण म्हणून किंवा स्नेहसंमेलनातील भेट म्हणून अशा पदार्थांची छापील कार्डे देण्याची कल्पना अनेक महिला मंडळांना सुचते. मजकूर लिहून द्यायला जाणत्या सुगृहिणी असतात, छायाचित्र काढायला घरातले तरुण असतात. तरीही छापून आलेले कार्ड पुष्कळदा ओट्यावर निरुपयोगी ठरते. त्याची कारणे पानाच्या मांडणीत असतात. म्हणून भुट्ट्याच्या किसाचेच एक कार्ड आपण येथे प्रत्यक्ष मांडून पाहू.

नेहमीच्या टंकलेखनाच्या कागदाचे चार सारखे भाग केले की पोस्टकार्डाएवढे, १०५ मिलिमीटर रुंद व १४८ मिलिमीटर उंच असे पान मिळते. ते उभे धरावे. वरचे ४४ मिलिमीटर छायाचित्राला, त्याखालचे १२ शीर्षकाला आणि पुढचे ८ वेळेच्या चिन्हांना दिले, तळाशी ७ मिलिमीटर समास सोडला, तर मजकुरासाठी ७७ मिलिमीटर उरतात. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, पायमोडी यांसाठी जागा लागते. म्हणून ९ पॉइंटच्या अक्षराला १३ पॉइंटची ओळ द्यावी लागते. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. या हिशेबाने पानावर सोळा ओळी बसतात.

डावीकडे ३० मिलिमीटरचा रकाना साहित्याला आणि उजवीकडे ५६ मिलिमीटरचा कृतीला द्यावा. कृतीच्या एका ओळीत सहाएक शब्द मावतात. सहा टप्पे करून दोन टप्प्यांमध्ये अर्ध्या ओळीची मोकळी जागा सोडली की लिहायला तेरा ओळी, म्हणजे सुमारे पाऊणशे शब्द मिळतात. हाती आलेली कृती मात्र बहुधा दोनशे शब्दांची असते. अशा वेळी छापखान्यात अक्षर ६ पॉइंटवर आणून सारा मजकूर कोंबण्याचा मोह होतो. कार्ड ओट्यावर ठेवलेले असते, ते पुस्तकाच्या दुप्पट अंतरावरून, हातात झारा असताना वाचायचे असते. त्यामुळे अक्षर ९ पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नये. शब्द कमी करावेत.

शब्द कमी करताना काय ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या एका कार्डावर दोन टप्पे जोडून ‘दूध घालावे, लिंबू पिळून शिजवावे’ असे एकच वाक्य केले होते. ज्यांनी हा पदार्थ शंभरदा केला आहे त्यांना ते खटकणार नाही, कारण त्यांचा हात आपोआप थांबतो. नवशिकी सून मात्र पातेल्यात दूध पातळ असतानाच लिंबू पिळेल आणि दूध फाटून किसात कण दिसू लागतील. म्हणून लिंबाला स्वतंत्र क्रमांक हवा. आमच्या मते कृती अशी असावी :

१. कणसे किसून घ्या.
२. तूप तापवून मोहरी, जिरे, हिंग, मिरची व हळद यांची फोडणी करा.
३. कीस घालून मंद आचेवर १० मिनिटे परता. कच्चा वास जाऊन तूप सुटू लागले पाहिजे.
४. दूध घालून झाकण ठेवा. मधूनमधून ढवळत १० मिनिटे आटवा.
५. मीठ, साखर घालून एक वाफ आणा.
६. आचेवरून उतरवा. मगच लिंबू पिळा. वर खोबरे, कोथिंबीर घाला.

तिसऱ्या टप्प्यातील ‘तूप सुटू लागले पाहिजे’ हे शब्द आम्ही मुद्दाम राखले. कणीस जून निघाले तर दहा मिनिटे पुरत नाहीत, दूधही थोडे अधिक लागते. घड्याळ चुकले तरी ही खूण चुकत नाही.

कोणताही टप्पा आकड्याने सुरू करू नये. ‘२. २ चमचे तूप तापवा’ असे छापले की घाईत बावीस वाचले जाते. माप साहित्याच्या यादीतच द्यावे. टप्प्याचा क्रमांक ठळक व रकान्याच्या कडेला असावा आणि पुढच्या ओळी क्रमांकाखाली न येता मजकुराच्या रेषेत याव्यात. म्हणजे नजर गेली तरी टप्पा लगेच सापडतो.

साहित्य वापराच्या क्रमाने लिहावे : कोवळी कणसे ४, तूप २ मोठे चमचे, मग फोडणीच्या वस्तू, दूध १ वाटी, मीठ व साखर, शेवटी अर्धे लिंबू, खोबरे, कोथिंबीर. ‘अर्धा’, ‘पाव’ हे अक्षरांत लिहावे; अपूर्णांकाचे बारीक आकडे छपाईत बुजतात. १ आणि ९ यांचा वळणात घोटाळा होत नाही ना, तेही पाहावे. प्रत्येक घरची वाटी निराळी असते. तेव्हा यादीखाली ‘१ वाटी = १५० मिलिलिटर’ अशी ओळ द्यावी.

वेळेच्या चिन्हांत नुसते घड्याळ आणि ‘४० मिनिटे’ लिहिणे फसवे असते. किसण्याला १५ मिनिटे लागतात, ती आधी उरकता येतात. आचेजवळ मात्र २५ मिनिटे उभे राहावे लागते. म्हणून घड्याळाखाली ‘तयारी १५’, ज्योतीखाली ‘आचेवर २५’ आणि वाटीखाली ‘४ जणांस’ असे शब्द हवेतच. चिन्ह ५ मिलिमीटरपेक्षा लहान नको. मुद्रित तपासताना टप्प्यांतील मिनिटांची बेरीज करावी : फोडणी ३, परतणे १०, दूध आटणे १०, वाफ २, एकूण २५. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी आकडा चुकला आहे.

छायाचित्र कडेपर्यंत छापायचे असेल तर वर व दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर जास्त ठेवावे. कापताना पाते थोडे सरकले तरी पांढरी रेघ येत नाही. म्हणजे चित्र १११ मिलिमीटर रुंद लागते आणि त्यासाठी रुंदीत सुमारे १३०० बिंदू हवेत. मोबाइलवरून संदेशात आलेले चित्र पडद्यावर स्वच्छ दिसते. पण त्याचा मधला अर्धा भाग कापून घेतला की छपाईत ते पुसट होते. मूळ फाइलच मागवावी. हा पिवळा पदार्थ रात्रीच्या दिव्याखाली तपकिरी दिसतो. खिडकीजवळ, आडव्या प्रकाशात चित्र काढावे. साध्या कार्डावर शाई शोषली जाऊन चित्र काळवंडते, तेव्हा ते किंचित उजळ करून द्यावे. चित्रावर पांढऱ्या अक्षरांत नाव छापण्याची हौस टाळावी. बारीक रेषांत शाई शिरून अक्षरे बुजतात. पांढऱ्या पट्टीवर निव्वळ काळ्या शाईत नाव घ्यावे आणि ‘भुट्ट्याचा’ यातील जोडाक्षर फुटले नाही ना, ते मुद्रितावर आवर्जून पाहावे.

शेवटी एक प्रत खऱ्या आकारात छापून, हा पदार्थ कधीही न केलेल्या घरातील मुलीच्या वा मुलाच्या हाती द्यावी आणि आपण बाजूला बसावे. जिथे ते थांबून विचारतील, ती ओळ पुन्हा लिहावी. हजार प्रती त्यानंतरच छापाव्यात.